नागाळा पार्कातला फ्लॅट विकायचाय, एकाच एजंटाला लिहून द्यावा का?

नागाळ्याची_लेक

नमस्कार मंडळी. आईच्या नावावर नागाळा पार्कात दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. ९८० चौरस फूट, इमारत २००३ ची, सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे राजारामपुरीत असते आणि फ्लॅट बंद असतो. गेलं वर्षभर ओळखीच्या एजंटांना सांगून ठेवलंय. लोक येतात, खिडकीतून बघतात, "कळवतो" म्हणतात आणि जातात.

परवा एक एजंट घरी आले. तरुण आहेत, बोलायला व्यवस्थित, सोबत रंगीत फाइल. म्हणाले, "ताई, तुमचा फ्लॅट आज सहाजणांकडे आहे, म्हणून एकही जण त्यावर रुपया खर्च करत नाही. मला एकट्याला द्या, मग बघा." त्यांचा बेत असा: आधी घर स्वच्छ करून चांगल्या फोटोग्राफरकडून फोटो आणि छोटा व्हिडिओ. दोन पोर्टलवर पैसे भरून वरची जागा. बाल्कनीत बोर्ड, रविवारच्या पेपरात जाहिरात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या कोल्हापूरकरांची त्यांच्याकडे यादी आहे, तिथे पाठवणार. शिवाय सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकील मंडळी कोर्टाच्या आसपास जागा बघतायत, ती त्यांच्याकडे येतात म्हणे. दर पंधरा दिवसांनी आम्हाला हिशेब देणार.

फी विक्री किमतीच्या २ टक्के अधिक जीएसटी. मुदत सहा महिने. किंमत म्हणाले, "६८ लावू, ६२ ला बसवतो." आधीच्या दोन एजंटांनी ५५ ते ५७ सांगितले होते, त्यामुळे आई खूश आहे.

पाचशेच्या स्टॅम्पवर करार आणून ठेवलाय. सही करावी का? आणि २ टक्क्यांचा १ होईल का?

रंकाळ्याचा_वारा

रंगीत फाइल बघितली की मी आधी खिसा चाचपतो.

शाहूपुरी_पेठ

अजिबात लिहून देऊ नका. आमचे दोन गाळे आणि एक फ्लॅट आजवर विकला, कुणालाही कागद दिला नाही. दहाजणांना सांगायचं, जो पार्टी आणेल त्याला एक टक्का, विषय संपला. एकाच्या गळ्यात बांधून घेतलं की तो सहा महिने झोपतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. दोन टक्के आणि वर जीएसटी? पुण्याचं वारं लागलंय सगळ्यांना.

मीरा_कोथरूड

@शाहूपुरी_पेठ, दहाजणांना सांगण्याचा प्रकार आम्ही सासऱ्यांच्या फ्लॅटला केला. मग पोर्टलवर आमचाच फ्लॅट पाच ठिकाणी दिसायला लागला. कुठे ४८ लाख, कुठे ५२, एकाने तर क्षेत्रफळही वाढवून टाकलं होतं. फोटो सगळीकडे तेच, अंधारातले, न्हाणीघरात वाळत घातलेल्या टॉवेलसकट. आलेला प्रत्येक माणूस ४८ पासून बोलायचा, कारण त्याने ती जाहिरात बघितलेली. त्यामुळे एकाला द्यावं हे त्या एजंटाचं म्हणणं मला तरी खोटं वाटत नाही.

फुलेवाडी_पास

ताई, पहिलं काम म्हणजे त्याचा रेरा नंबर मागा. रेरा नोंदणी नसलेल्या एजंटाला कायद्याने कमिशन मागताच येत नाही. नंबर नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

चावीवाला

मी याच धंद्यात आहे, कोल्हापुरातच, त्यामुळे माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. ते एजंट कोण हे मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही.

त्यांचं मूळ म्हणणं बरोबर आहे. सहाजणांकडे असलेल्या फ्लॅटवर मी फोटोग्राफर पाठवत नाही, कारण फोटो माझे आणि कमिशन दुसऱ्याचं असं होतं. एकट्याकडे असला की पदरचे दहा-पंधरा हजार घालायला हात कचरत नाही. हे सगळे एजंट सांगतात आणि ते खरंही आहे.

न सांगितलेली गोष्ट वेगळी. 'एकट्याला देणं' दोन तऱ्हेचं असतं. एकात दुसऱ्या एजंटाला द्यायचं नाही एवढीच अट असते. तुम्ही स्वतः तुमच्या मावसभावाला विकलात तर फी नाही. दुसऱ्यात मुदतीत फ्लॅट कुणीही विकला, अगदी तुम्ही स्वतः, तरी पूर्ण फी त्याची. बोलताना दोन्हीला एक्सक्लुझिव्हच म्हणतात, कागदावर फरक एका ओळीचा असतो. ती ओळ शोधा. आणि मुदत संपल्यावरचं काय लिहिलंय, फी कधी द्यायचीय, हेही इथे टाका. टक्क्यांचं नंतर बघू.

कळंबा_रोड

आमच्याही फ्लॅटला एजंटाने एक महिन्याचं भाडं मागितलं होतं. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन करता येतो, एजंट कशाला पाहिजे? भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन मात्र विसरू नका.

रंकाळ्याचा_वारा

@कळंबा_रोड साहेब, त्या विकायला निघाल्यात. तुम्ही भाडेकरू बसवलासुद्धा!

वकील_शिवाजी_पेठ

@फुलेवाडी_पास, तुमचं अर्धं बरोबर. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा तर एजंटाची नोंदणी लागतेच. २००३ साली पूर्ण झालेली इमारत त्या नोंदणीच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे अशा जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत केवळ नंबर नाही म्हणून कमिशनच बुडतं असं म्हणता येणार नाही. तरीही नंबर विचारावा. नोंदणी टिकवायची तर हल्ली प्रशिक्षण आणि परीक्षा द्यावी लागते, म्हणजे माणूस हंगामी नाही एवढं तरी कळतं.

जीएसटीचंही तसंच. त्यांचा जीएसटी क्रमांक करारावर असेल तरच तो द्या. नोंदणी नसेल तर जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत.

नागाळ्याची_लेक

सगळ्यांचे आभार. करार वाचला. महत्त्वाचं तेवढं टाइप करते.

कलम ४: मुदतीत सदर मिळकत कोणामार्फतही अथवा मालकाने स्वतः विकल्यास पूर्ण फी देय राहील.
कलम ६: मुदत संपल्यानंतर सहा महिन्यांत विक्री झाल्यास फी देय राहील.
कलम ७: फी टोकन स्वीकारतेवेळी एकरकमी देय राहील.
कलम ९: मालकाने करार मोडल्यास जाहिरात खर्चापोटी रु. ४०,००० द्यावे लागतील.

फोटो, पोर्टल, पेपर यांचा करारात उल्लेखच नाही. कलम २ मध्ये फक्त "एजंट विक्रीसाठी योग्य ते प्रयत्न करील" एवढंच आहे. तो सगळा बेत रंगीत फाइलमध्ये.

शाहूपुरी_पेठ

झालं. सांगितलं होतं.

चावीवाला

कलम ६ बघून माझ्याच भुवया वर गेल्या. एजंटाला मुदतीनंतर थोडं संरक्षण हवं हे मान्य. मी पार्टीला तीनदा फ्लॅट दाखवायचा, आणि त्यांनी मुदत संपायची वाट बघून थेट तुमच्याकडे यायचं, असं होतं आणि बऱ्याचदा होतं. पण ते संरक्षण फक्त मी दाखवलेल्या माणसांपुरतं हवं. मुदत संपताना मी तुम्हाला नावांची लेखी यादी द्यायची, त्यातल्या कुणी दोन-तीन महिन्यांत घेतला तर माझी फी. यादी नसलेलं कलम म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत कुणीही घेतला तरी पैसे द्या. सहा अधिक सहा, वर्षभर तुमचे हात बांधले. त्यातच तुम्ही दुसऱ्या एजंटाकडे गेलात तर दोघांना फी.

मुदत ९० दिवस पुरे. नव्या जाहिरातीवर खरी वर्दळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच होते. तेव्हा कुणी दारात आलं नाही तर किंमत किंवा फोटो चुकलेत, चौथ्या महिन्यात नवीन काही घडत नाही.

अजून एक विचारून घ्या: बाकीच्या एजंटांना देणार का? आमच्या ग्रुपवर फ्लॅट टाकला आणि दुसऱ्याने पार्टी आणली तर तुमच्याकडून मिळालेली फी आम्ही दोघांत वाटतो, खरेदीदाराकडून तो त्याची घेतो. पण काहींना दोन्हीकडचे पैसे एकट्याला हवे असतात, मग ते दुसऱ्याच्या पार्टीला "टोकन झालंय" सांगून परत पाठवतात. तुम्हाला कळतही नाही. तपासायचं तर ओळखीच्या एखाद्या एजंटाला, पार्टी आहे म्हणून फोन करायला लावा. उत्तर काय येतं ते ऐका.

मीरा_कोथरूड

हे शेवटचं भारी आहे. म्हणजे खरेदीदाराकडूनही ते घेणार का, आणि किती, हेही लिहून घ्यायला हवं ना?

चावीवाला

हो. दोन्हीकडून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, त्यात चोरी नाही. पण मालकाला माहीत हवं. आणि ज्याला दोन्हीकडून मिळणार आहे त्याच्याशी टक्का कमी करण्याचं बोलता येतं.

वकील_शिवाजी_पेठ

कलम ७ वर माझा जास्त आक्षेप आहे. भारतीय करार कायद्यानुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटाचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. इथे त्यांनी 'वेगळं' ठरवून घेतलंय. टोकन म्हणजे काय, खरेदीदार एक्कावन्न हजार देतो आणि कर्ज नाही झालं तर महिन्याने परत मागतो. तुम्ही एक-सव्वा लाख फी देऊन मोकळ्या झालेल्या असाल. फी साठेखत आणि खरेदीपत्र यांना जोडा, तेही नोंदणीकृत.

दुसरं. ठरावीक मुदतीचा करार मालकाने सबळ कारणाशिवाय आधीच मोडला तर एजंटाला भरपाई मागता येते. एजंटाने काम केलं नाही हे सबळ कारण होऊ शकतं, पण काय काम करायचं होतं हेच करारात नसेल तर ते सिद्ध कशावर करणार? "योग्य ते प्रयत्न" मी दोन फोन करूनही केले म्हणू शकतो. म्हणून रंगीत फाइलमधलं पान करारासोबत जोडा, तारखा घाला आणि दोघांनी सह्या करा. फोटो अमुक तारखेपर्यंत, पोर्टल अमुक तारखेपासून, आणि तेवढं झालं नाही तर कलम ९ लागू नाही.

बाय द वे, "आईच्या नावावर" म्हणालात. इंडेक्स टू वर फक्त आईच आहेत का?

नागाळ्याची_लेक

खरेदीपत्रात आई आणि बाबा दोघांची नावं आहेत. घरफाळा आईच्या नावावर येतो.

वकील_शिवाजी_पेठ

घरफाळ्याच्या पावतीने मालकी ठरत नाही. बाबांच्या हिश्श्याला तुम्ही भावंडंही वारस आहात. तुमचं हक्कसोडपत्र नोंदवा किंवा सगळे विक्रीला सह्या करा. खरेदीदाराचा वकील आणि बँक पहिल्या दिवशी हेच विचारणार. आणि एजंटाच्या करारावर एकट्या आईंची सही घेऊन काही उपयोग नाही.

निवृत्त_बँकवाला

मी किमतीवर बोलतो. आयुष्य गृहकर्जात गेलं.

६२ ला बसवतो म्हणाले. बसणार कुणाच्या खिशात ते बघा. बँकेचा व्हॅल्युअर वीस वर्षांवरच्या इमारतीला हात राखूनच आकडा देतो. समजा त्याने ५७ लाख लावले. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते, आणि करार किंवा मूल्यांकन यातलं जे कमी ते धरते. म्हणजे कर्ज ४५ लाख ६० हजार. किंमत ६२ असेल तर खरेदीदाराला पदरचे १६ लाख ४० हजार, वर मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के म्हणजे ३ लाख ७२ हजार, नोंदणी ३० हजार. झाले २० लाख ४२ हजार, रोख हातात. तोच फ्लॅट ५७ ला घेतला तर हाच आकडा १५ लाख १२ हजार होतो. वरचे पाच लाख घालणारा माणूस मिळणारच नाही असं नाही, पण नोकरदार खरेदीदार तिथेच गळतो.

त्या एजंटाला विचारा, गेल्या वर्षभरात तुमच्या गल्लीत कोणते फ्लॅट नोंदले गेले आणि कितीला. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून इंडेक्स टू बघता येतो, तोही बघेल, तुम्हीही बघा.

शाहूपुरी_पेठ

इंडेक्स टू वर खरी किंमत कोण लिहितं हो? 😄 तिथे पांढरं तेवढंच दिसतं.

निवृत्त_बँकवाला

म्हणून एकावर विसंबायचं नाही, तीन-चार बघायचे. रोखीचं म्हणाल तर जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यालाच तेवढा दंड बसू शकतो. आणि ताईंच्या फ्लॅटची किंमत ५० लाखांवर आहे, म्हणजे खरेदीदार एक टक्का टीडीएस कापणार. त्यात लपवाछपवीला जागा कमी.

चावीवाला

बँकवाल्या काकांच्या बोलण्यात आमच्या धंद्यातली एक खोड जोडतो. लिस्टिंग मिळवायला मालकाला आवडेल तो आकडा सांगायचा. ६८ ऐकून आई खूश झाल्या ना? कागद सही झाला की दुसऱ्या महिन्यात फोन येतो, "ताई, मार्केट थंड आहे, ६२ करू." मग ५८. तोवर फ्लॅट पोर्टलवर शिळा झालेला असतो आणि लोक विचारतात, एवढे दिवस का पडलाय. ६० च्या आत शोधणाऱ्याला ६८ ची जाहिरात दिसतच नाही, तो गाळणी लावूनच बघतो.

आणि हिशेब बघा. तुम्ही एक लाख उतरलात तर तुमचे एक लाख गेले, त्याचे दोन हजार. म्हणून उतरायला सांगणं त्याला सोपं जातं. २ आणि १ टक्क्यातला फरक ५७ लाखांवर जीएसटीसकट ६७ हजारांच्या आसपास येतो. वाचवा, जरूर वाचवा, पण चुकीच्या आकड्यावर सहा महिने घालवणं त्याहून महाग पडतं.

फुलेवाडी_पास

मग असं करा, ५७ पर्यंत एक टक्का, त्याच्या वरच्या रकमेवर दहा टक्के. पळत सुटेल तो.

चावीवाला

मी असे दोन करार केलेत. एकात जमलं. दुसऱ्यात आलेली चांगली पार्टी मीच वरच्या आशेने ताणून धरावी असा मोह होत होता. आणि "मला ५५ नेट द्या, वरचे तुमचे" हे तर कधीच करू नका. एजंट खरेदीदाराला काय सांगतो ते तुम्हाला कळणारच नाही.

रमणमळा_१९

इतकी चर्चा झाली आणि पुराचं कुणीच काढलं नाही? नागाळा पार्क म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस पहिल्यांदा विचारणार, २०१९ ला पाणी कुठवर होतं आणि २०२१ ला कुठवर.

नागाळ्याची_लेक

दोन्ही वेळा पार्किंगमध्ये आलं होतं. दुसरा मजला कोरडाच, पण लिफ्टची मोटर आणि मीटर गेले. एजंट म्हणाले, "जाहिरातीत पुराचा विषय काढायचा नाही, विचारलं तर बघू."

रमणमळा_१९

विचारणारच! राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि त्या दोन्ही पुरांत पातळी ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या शेजारच्या फ्लॅटचं असंच झालं. एजंटाने पुण्याची पार्टी आणली, पाण्याचं सांगितलं नाही, टोकन झालं. मग त्या माणसाने खालच्या किराणा दुकानात सहज विचारलं. दुकानदाराने भिंतीवरची रेष दाखवली. सौदा तिथेच मोडला, टोकन परत.

मीरा_कोथरूड

उलट जाहिरातीतच लिहा की दुसरा मजला, दोन्ही पुरांत घरात पाणी नाही. मीटर वर घेतलेत का? घेतले असतील तर त्याचा फोटो टाका. मला पुण्यातून बघताना त्या फोटोने जास्त धीर येईल, स्वयंपाकघराच्या फोटोपेक्षा.

नागाळ्याची_लेक

हो, २०२१ नंतर मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात घेतलेत. हे सुचलंच नव्हतं.

रंकाळ्याचा_वारा

एजंटाला काढा आणि मीराताईंना लावा. दोन टक्के देऊन टाका.

नागाळ्याची_लेक

काल त्यांना भेटून हे सगळं मांडलं. त्यांनी न चिडता ऐकून घेतलं हे सांगायला हवं. ९० दिवस मान्य. मुदतीनंतर फक्त लेखी यादीतल्या नावांवर, तीन महिने, मान्य. बेताचं पान तारखांसकट जोडायला तयार, ४०,००० चे २०,००० केले आणि तेही प्रत्यक्ष बिलं दाखवली तरच. फी निम्मी साठेखताला, निम्मी खरेदीपत्राला. फी दीडवर आली, कारण खरेदीदाराकडून एक टक्का घेणार हे त्यांनी कबूल केलं. वर्षभरातल्या नोंदींवरून किंमत ५९ लावायची ठरलं.

कलम ४ वर मात्र अडलंय. म्हणतात, "मी खर्च करणार, बोर्ड माझा, आणि बोर्ड बघून तुमच्याकडे थेट आलेला माणूस तुमचा म्हणायचा का?" आणि आईच्या मनात इचलकरंजीचा एक चुलतभाऊ आहे, तो "बघू, बघू" करतोय.

शाहूपुरी_पेठ

बोर्ड बघून आलेला त्याचाच. एवढं मीही मान्य करतो.

चावीवाला

त्यांचा मुद्दा रास्त आहे. चुलतभाऊ आणि आधीपासून बोलणं चाललेल्या आणखी एक-दोघांची नावं करारात लिहा, त्यांनी पहिल्या ३० दिवसांत टोकन दिलं तर फी नाही किंवा अर्धा टक्का. बाकी सगळे त्यांचे. मी तर असंच लिहून देतो.

फुलेवाडी_पास

मला नाही पटत. आपल्या घरात आपण विकायचं आणि फी त्याला?

वकील_शिवाजी_पेठ

ते तुम्ही आपसात ठरवा. माझं एवढंच, हक्कसोडपत्र नोंदल्याशिवाय करारावर तारीख घालू नका. ९० दिवस कागद गोळा करण्यातच जातील आणि जाहिरात मात्र सुरू राहील. "मुदत वारसांची कागदपत्रं पूर्ण झाल्याच्या तारखेपासून" अशी ओळ घाला. भाऊ कुठे असतात?

नागाळ्याची_लेक

बेंगळुरूला. गणपतीला येतोय, तेव्हाच दुय्यम निबंधकांकडे वेळ घेते. एजंटांनाही तसं कळवलंय, ते तोवर फोटो काढून ठेवतो म्हणाले. पार्किंगमधली ती पाण्याची रेष रंगवायची का ठेवायची, यावर आई आणि माझं अजून एकमत नाही.

रमणमळा_१९

ठेवा. रंगवली तर नव्या रंगाचा पट्टाच जास्त दिसेल.